लाल गोल करण्याआधी: सोसायटीची एक नोटीस आणि तीन शंका

इंग्रजी तपासायचं काम ज्यांच्या गळ्यात नव्यानं पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नौपाड्यातल्या क्लासमध्ये निबंध तपासणारी ताई, ऐरोलीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या ईमेलवर शेवटची नजर टाकणारा टीम लीड, सोसायटीच्या नोटिसा काढणारे सेक्रेटरी काका, अशा सगळ्यांना कधी ना कधी एखादं वाक्य कानाला खटकतं. ते चूक आहे की आपल्याला त्याची सवय नाही, हे त्या क्षणी कळत नाही. मग बहुतेक जण शाळेत कुणीतरी सांगितलेलं आठवतात आणि लाल पेन उचलतात. लाल पेनाआधी कोश कसा उघडायचा, खऱ्या वापरातली उदाहरणं कुठं शोधायची आणि ती कशी वाचायची, ते एका नोटिशीच्या आधारानं बघू.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत बोर्डावर लागलेली ही नोटीस. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहितो: ‘नन ऑफ द मेंबर्स ऑफ बी विंग हॅव पेड द सिंकिंग फंड. द कमिटी विल डिस्कस अबाउट धिस इन द एजीएम, विच हॅज बीन प्रीपोन्ड टू संडे.’ दुसऱ्या दिवशी त्यावर लाल पेनानं तीन गोल झाले होते: ‘हॅव’भोवती, ‘अबाउट’भोवती आणि ‘प्रीपोन्ड’भोवती. बी विंगमधल्या एका निवृत्त बाईंनी ते केले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरी काकांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, ‘नन’ म्हणजे ‘नॉट वन’. एकच. मग ‘हॅज’ नको का? आम्ही तीस वर्षं हेच शिकवलं.” काका म्हणाले, “मॅडम, बी विंगनं पैसे भरले असते तर ही वेळच आली नसती.” दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, पण गोलांचं काय करायचं हा प्रश्न उरलाच.

आधी शंका सोलून काढा

कोश उघडायच्या आधीचं हे काम नवे लोक नेहमी टाळतात. अख्खं वाक्य सर्चमध्ये टाकायचं, काहीच सापडलं नाही की ‘असं कुणी लिहीत नाही’ म्हणायचं. अख्खं वाक्य कुणीच लिहिलेलं नसतं. ‘बी विंग’ आणि ‘सिंकिंग फंड’ यांचा शंकेशी काही संबंध नाही, त्यामुळे ते बाजूला काढा. ‘ऑफ बी विंग’ हा तुकडाही काढा, कारण क्रियापदाचा संबंध विंगशी नाही. उरतं ते एवढं: ‘नन ऑफ द’, मग एक अनेकवचनी नाम, मग ‘हॅज’ किंवा ‘हॅव’. शंका एका ओळीत मांडता आली पाहिजे: ‘नन ऑफ’नंतर अनेकवचनी नाम आलं तर क्रियापद एकवचनी की अनेकवचनी? ही ओळ कागदावर लिहा. लिहिता आली नाही, तर नेमकं काय खटकतंय तेच अजून आपल्याला कळलेलं नाही.

दुसऱ्या गोलाची शंका अशी: ‘डिस्कस’ या क्रियापदानंतर ‘अबाउट’ येतं का? तिसऱ्याची: ‘प्रीपोन’ हा शब्द आहे का, आणि असेल तर कुणाचा? तिन्ही शंका वेगवेगळ्या जातीच्या आहेत. पहिली क्रियापदाच्या वचनाची, दुसरी क्रियापदानंतर काय जोडायचं याची, तिसरी शब्द कुठल्या देशात चालतो याची. त्यामुळे कोशात डोळे जिथं जायला हवेत ती जागाही तिन्ही वेळा वेगळी आहे.

कोशात कुठला शब्द उघडायचा

पहिल्या शंकेसाठी काही जण ‘हॅव’ उघडतात. तिथं काही मिळत नाही. ज्या शब्दामुळे अडलंय तो शब्द उघडायचा, म्हणजे इथं ‘नन’. दुसऱ्यासाठी ‘अबाउट’ नाही, ‘डिस्कस’. क्रियापदानंतर काय येऊ शकतं हे क्रियापदाच्याच नोंदीत दिलेलं असतं.

स्टेशनबाहेर मिळणारा छोटा इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही. त्याचा अपमान करायचा नाही, पण तो अर्थ देतो, वापर देत नाही. ‘डिस्कस’समोर ‘चर्चा करणे’ एवढं लिहिलेलं असतं आणि त्यातूनच गोंधळ सुरू होतो, कारण मराठीत आपण एखाद्या विषया‘वर’ किंवा विषया‘बद्दल’ चर्चा करतो. या कामाला हवा तो इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश ऑनलाइन फुकट आहेत. मूळ इंग्रजी भाषकांसाठीच्या कोशापेक्षा यात एक गोष्ट जास्त असते: क्रियापदाला कर्म लागतं का, नाम मोजता येतं का, शब्द औपचारिक आहे का, कुठल्या देशातला आहे, हे सगळं खुणांनी दिलेलं असतं. अर्थ वाचून कोश बंद करणारा माणूस या खुणा कधी बघतच नाही, आणि आपलं उत्तर नेमकं तिथंच असतं.

आता ‘नन’ उघडा. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात अर्थाच्या खाली व्याकरणाची वेगळी टीप आहे. तिचा सारांश असा: ‘नन ऑफ’नंतर अनेकवचनी नाम असेल तर क्रियापद एकवचनी किंवा अनेकवचनी, दोन्ही चालतं, ब्रिटिश इंग्रजीच्या औपचारिक शैलीत एकवचनी वापरतात. नाम मोजता न येणारं असेल तर मात्र एकवचनीच. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर कोशात याच शब्दाला अशी खूण आहे:

```
singular or plural in construction
```

म्हणजे वाक्यात तो एकवचनीही चालतो, अनेकवचनीही. केंब्रिज जरा कडक आहे. औपचारिक लेखनात एकवचनी, बोलताना मात्र लोक अनेकवचनी वापरतात, असा त्याचा सूर.

एकाच कोशावर थांबू नका ते यासाठीच. किमान एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन कोश बघायचा. सगळे एकच सांगत असतील तर काम तिथंच संपलं. थोडा फरक असेल तर त्या फरकातूनही माहिती मिळते. इथं तिन्ही कोश एका बाबतीत ठाम आहेत: ‘नन ऑफ द मेंबर्स हॅव’ला कुणीच चूक म्हणत नाही. फरक आहे तो फक्त ते किती औपचारिक वाटतं, यात. एवढ्यावरच पहिला लाल गोल डळमळीत होतो.

‘नॉट वन’चा मुद्दा बाईंनी मनानं रचलेला नव्हता. जुन्या इंग्रजीत हा शब्द खरंच ‘नाही’ आणि ‘एक’ यांच्या जोडातून झाला. पण शब्द कशापासून बनला त्यावरून आज तो कसा चालावा हे ठरत नसतं. शिवाय हा शब्द जुन्या इंग्रजीपासूनच दोन्ही वचनांत वापरला गेलाय. १६११ मध्ये छापलेलं किंग जेम्स बायबल घ्या. त्यात योहानाच्या शुभवर्तमानात ‘नन ऑफ देम इज लॉस्ट’ आहे आणि प्रेषितांच्या कृत्यांत ‘नन ऑफ दीज थिंग्ज मूव्ह मी’ आहे. एका ठिकाणी एकवचनी, दुसऱ्या ठिकाणी अनेकवचनी, दोन्ही एकाच बांधणीत. तेव्हा ‘हल्लीची पोरं भाषा बिघडवतात’ हा आरोप निदान या शब्दाच्या बाबतीत टिकत नाही.

खरा वापर बघायचा तो कुठं

कोशानं इतकं स्वच्छ सांगितल्यावर पुढं कशाला जायचं? बऱ्याचदा नाहीच जायचं. पण कोश काठावरचं बोलत असेल, किंवा समोरचा माणूस “कोश काय, काहीही घालतात हल्ली” असं म्हणणारा असेल, तर छापील वापर दाखवावा लागतो.

तो बघण्यासाठी साधा गूगल सर्च सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. शब्द अवतरणचिन्हांत टाकले नाहीत तर तो ते सुटे सुटे शोधतो. टाकले तरी मिळणारा आकडा अंदाजी असतो, पुढची पानं उघडत गेलात की निकाल त्याच्या खूप आधी संपतात. आणि त्या निकालांत वर्तमानपत्र, शाळकरी पोराचा निबंध आणि यंत्रानं केलेलं भाषांतर असं सगळं एकाच ढिगात असतं. ‘गूगलवर लाखो सापडले’ हा पुरावा धरू नका.

त्यापेक्षा गूगलचंच एक दुसरं साधन चांगलं आहे: पुस्तकांमधले शब्द वर्षांनुसार आलेखात दाखवणारा एनग्रॅम व्ह्यूअर. त्यात हे टाका:

```
none of them is,none of them are
```

स्वल्पविरामानं दोन पर्याय वेगळे केले की दोघांच्या रेषा एकाच आलेखावर येतात. एकट्या पर्यायाचा आकडा काहीच सांगत नाही, दोन्ही शेजारी ठेवले तरच तुलना होते. इथं दोन्ही रेषा १८०० पासून आजपर्यंत सरळ चालत आलेल्या दिसतील, कुठलीच तळाला चिकटलेली नाही. चुकीचा वापर आलेखात असा दिसत नाही. तो तळाशी घासत जातो. वरच्या यादीतून ब्रिटिश आणि अमेरिकन पुस्तकं वेगळी निवडून तोच शोध पुन्हा करा. एखादा वापर तिकडे चालतो आणि इकडे नाही, असं असेल तर ते इथं उघड होतं.

या साधनाच्या मर्यादा माहीत हव्यात. पाचपेक्षा जास्त शब्दांचा तुकडा तो घेत नाही. आणि जो तुकडा किमान ४० पुस्तकांत आलेला नाही, तो दाखवतच नाही. म्हणून ‘नन ऑफ द मेंबर्स हॅव पेड’ टाकून ‘काहीच नाही’ असं आलं तर घाबरायचं कारण नाही. तो सहा शब्दांचा तुकडा आहे, येणारच नाही. शंका आधी का सोलून घ्यायची ते इथं कळतं.

आणखी खोलात जायचं असेल तर इंग्रजीचे मोठे मजकूरसाठे आहेत. english-corpora.org या ठिकाणी नाव नोंदवलं की ते फुकट वापरता येतात, फक्त रोजच्या शोधांवर मर्यादा असते. नव्या माणसाला तिथली नावं बघून गांगरायला होतं, म्हणून तिघांचीच ओळख करून देतो. `BNC` हा ब्रिटिश इंग्रजीचा साठा, सुमारे १० कोटी शब्दांचा, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला. `COCA` अमेरिकन, १९९० पासून २०१९ पर्यंतचा, १०० कोटींहून मोठा. त्यात बोलणं, कथा-कादंबऱ्या, मासिकं, वर्तमानपत्रं, संशोधन-लेख असे कप्पे वेगळे केलेले आहेत. तिसरा `GloWbE`, २० देशांच्या वेब-पानांतून घेतलेला. त्यात भारतही आहे, आणि तो आपल्याला ‘प्रीपोन’साठी लागणार आहे.

आपली शंका तिथं अशी टाकायची:

```
none of the NOUN has|have
```

मोठ्या अक्षरांतल्या शब्दाच्या जागी कुठलंही नाम चालतं आणि उभ्या रेषेचा अर्थ ‘किंवा’. निकालाची यादी येते. यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की ती ज्या वाक्यांत आली आहे ती वाक्यं, स्रोत आणि वर्षासह दिसतात.

आकडा नाही, ओळी वाचा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. यादीत ‘नन ऑफ द मेंबर्स हॅव’ सापडलं की लोक उड्या मारतात आणि आकडा सांगून वाद संपवतात. पण पुढच्या वाक्याकडे बघा: ‘विल नन ऑफ द मेंबर्स हॅव पेड बाय मार्च?’ इथं ‘हॅव’ हे ‘नन’मुळे आलेलं नाही, वाक्याच्या सुरुवातीच्या ‘विल’मुळे आलंय. ‘विल’नंतर कर्ता एक असो की शंभर, ‘हॅव’च येणार. म्हणजे हे वाक्य आपल्या शंकेबद्दल काहीच सांगत नाही, तरी मोजणीत मात्र येतं. ‘शुड’, ‘मे’, ‘लेट’ यांच्याबाबतीतही हेच. अशा ओळी बाजूला काढल्यानंतर जे उरतं त्यालाच पुरावा म्हणायचं.

म्हणून वीस-पंचवीस ओळी खरोखर वाचा. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. हे वाक्य माझ्याच रचनेचं आहे का? ते कुणी लिहिलंय: संपादकाच्या हाताखालून गेलेलं वर्तमानपत्र किंवा पुस्तक, की टीव्हीवरच्या गप्पा? आणि आजूबाजूचं नाम कसलं आहे?

तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. ओळी वाचता वाचता लक्षात येतं की ‘मेंबर्स’, ‘बुक्स’, ‘चिल्ड्रन’ यांच्यासोबत दोन्ही वचनं येतात, पण ‘मनी’, ‘वर्क’, ‘वॉटर’ यांच्यासोबत एकवचनीच. म्हणजे काकांनी ‘नन ऑफ द मनी हॅव बीन पेड’ लिहिलं असतं तर बाईंचा लाल गोल अगदी रास्त ठरला असता. कुठलाही वापर ‘बरोबर’ ठरवताना तो कुठं संपतो हेही याच वेळी टिपून ठेवायचं. नाहीतर आज सुटलेला माणूस उद्या त्याच आधारावर चुकतो.

तेव्हा पहिल्या गोलाचा निकाल: चूक नाही. फार औपचारिक पत्र असेल, समजा उपनिबंधकांना जाणारं, तर ‘हॅज’ केलेलं बरं. बोर्डावरच्या नोटिशीत ‘हॅव’ राहू द्यावं. माझं मत विचाराल तर मी ‘हॅव’च लिहीन, ‘मेंबर्स’च्या शेजारी ते कानाला सरळ वाटतं.

दुसरा गोल: इथं बाई जिंकल्या

‘डिस्कस’ची नोंद उघडली की क्रियापदासमोर केंब्रिजमध्ये ही खूण दिसते:

```
[ T ]
```

ही सकर्मक क्रियापदाची खूण आहे, म्हणजे कर्म थेट जोडायचं, मध्ये काही नको. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात तर ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लावू नये अशी सरळ ताकीदच आहे. इंग्रजी शिकणारे जगभर ही चूक करतात, म्हणून ती मुद्दाम छापलेली. आणखी एक गोष्ट नोंदीत दिसते: ‘डिस्कशन’ या नामानंतर मात्र ‘अबाउट’ चालतं. नामाची सवय क्रियापदाला लागते आणि त्यात मराठीतल्या ‘बद्दल’ची भर पडते. काकांची चूक तिथून आली असावी.

आता कोशाला खोटं पाडायच्या इराद्यानं उदाहरणं शोधून बघा. हा सराव म्हणून उत्तम आहे. साठ्यात टाका:

```
discuss about
```

काही ओळी सापडतीलच. “बघा, इंग्रज पण लिहितात!” असं म्हणायचा मोह होतो. ओळी वाचा. ‘द बोर्ड विल डिस्कस अबाउट टेन प्रपोजल्स’ असं वाक्य भेटलं तर त्यात ‘अबाउट’ म्हणजे ‘बद्दल’ नाही, ‘सुमारे’: सुमारे दहा प्रस्ताव. कर्म थेटच जोडलेलं आहे. दुसऱ्या प्रकारात ‘अबाउट’ पुढच्या शब्दसमूहाचं असतं आणि ‘डिस्कस’च्या शेजारी ते योगायोगानं आलेलं असतं. तिसऱ्या प्रकारात मुलाखतीत बोलणारा माणूस वाक्य मध्येच बदलतो. हे सगळं गाळून जे थोडं उरतं ते ‘डिस्कस द’च्या वापराशेजारी ठेवा:

```
discuss the,discuss about the
```

हाच तुकडा एनग्रॅममध्ये टाकला की एक रेषा वर आणि दुसरी तळाला लोळताना दिसते. ‘नन’च्या आलेखाशी तुलना केलीत की फरक डोळ्यांत भरतो. कोशाची खूण, कोशाची ताकीद, वाचलेल्या ओळी आणि आलेख, चारही एकाच दिशेला. इथं लाल गोल ठेवायचा. काकांनी ‘अबाउट’ खोडावं, वाक्य आपसूक सरळ होतं.

भारतीय इंग्रजीत हे सर्रास ऐकू येतं, हे खरं. म्हणून ते भारतातलं मान्य रूप झालं का? माझ्या मते नाही, निदान लेखनात तरी नाही. एखादा प्रादेशिक वापर मान्य झाला की कोश त्याला देशाच्या नावाची खूण लावतात. इथं खूण नाही, ताकीद आहे. हा फरक नीट कळला की तिसरा गोल सोपा जातो.

तिसरा गोल: चूक नाही, पण पत्ता बघून

‘प्रीपोन’ मोठ्या ऑनलाइन कोशांत आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये त्यावर भारतीय इंग्रजीची खूण आहे, मेरियम-वेबस्टरमध्येही तो मुख्यतः भारतातला असल्याची नोंद आहे. ‘असा शब्दच नाही’ हे त्यामुळे टिकत नाही. गंमत म्हणजे हा अर्थ अगदी आपल्याकडेच जन्माला आला असंही नाही. १९१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका पत्रात, ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून, तो सुचवलेला सापडतो. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला.

इथं `GloWbE` उघडून शब्द टाका आणि निकाल देशांनुसार दाखवणारा पर्याय निवडा. खांबांच्या रांगेत भारत आणि आजूबाजूचे देश उंच दिसतात, ब्रिटन-अमेरिकेचे खांब बुटके. हा शब्द चूक की बरोबर, असा प्रश्नच मग उरत नाही. वाचणारा कुठला आहे एवढंच बघायचं. सोसायटीची सभा रविवारी आणली आहे, वाचणारे सगळे इथलेच, ‘प्रीपोन’ राहू द्या. ऐरोलीच्या ऑफिसातून लंडनच्या क्लायंटला मीटिंगची वेळ कळवायची असेल तर तिथं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा. चूक टाळण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला अडखळावं लागू नये म्हणून.

देशाची खूण आणि ‘औपचारिक’, ‘अनौपचारिक’, ‘जुनाट’, ‘प्रमाण नाही’ या खुणा एकच समजू नका. पहिली ‘कुठं’ सांगते, बाकीच्या ‘कशा प्रसंगात’. ‘प्रमाण नाही’ ही एकच खूण लाल पेनाच्या जवळ जाते.

निकाल लिहायचा कसा

तपासल्यानंतर समासात फक्त गोल करून सोडू नका. गोल बघून समोरच्याला काहीच कळत नाही. ‘डिस्कस’जवळ ‘अबाउट काढा, कर्म थेट’ एवढं लिहा. ‘हॅव’जवळ काही लिहायचं नाही, फार तर पेन्सिलनं ‘औपचारिक पत्रात हॅज’. ‘प्रीपोन’जवळ ‘बाहेरदेशी पाठवणार असाल तर बदला’. लाल शाई फक्त जिथं कोश आणि वाचलेल्या ओळी दोन्ही विरोधात आहेत तिथं.

वर्ड किंवा ईमेलमध्ये शब्दाखाली उमटणारी निळी-लाल रेघ हा पुरावा नाही. त्या रेघेमागे ठरवून ठेवलेला एक पसंतीचा नियम असतो. तो तुमच्या वाक्यासाठी लागू आहे का, हे ती रेघ सांगत नाही. तिचा उपयोग इतकाच, की शंका कुठं घ्यायची ते सुचतं. पुढं काम तेच: शंका सोला, योग्य शब्द उघडा, खुणा बघा, लागलं तर ओळी वाचा.

परीक्षेचा मामला मात्र वेगळा धरा. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत ‘नन’वर एखादी उत्तरसूची ‘हॅज’च बरोबर धरत असेल, तर मुलाला तीन कोशांचे दाखले देऊन गुण मिळणार नाहीत. त्याला सांगायचं, “या परीक्षेत ‘हॅज’ लिही, निबंधात दोन्ही चालतं.” त्या परीक्षेच्या मागच्या काही वर्षांच्या उत्तरसूची बघून ती काय धरते ते आधी शोधून ठेवा. आणि क्लासमधल्या दोन शिक्षकांची यावर वेगळी मतं असतील, तर मुलांसमोर भांडण्याऐवजी स्टाफरूममध्ये आधी ‘नन’ची नोंद उघडा, ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशातली ती टीप वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही.